मुलीचे उरलेले अँटिबायोटिक सिरप धाकट्या मुलाला देता येईल का?

मनीषनगरची आई

नमस्कार. माझी मुलगी सात वर्षांची, २० किलो वजनाची आहे आणि मुलगा अडीच वर्षांचा, सुमारे १२ किलोचा आहे. दोन आठवड्यांपूर्वी मुलीचे टॉन्सिल सुजून तिला ताप आला होता. तेव्हा डॉक्टरांनी अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्हुलॅनिक ॲसिड एकत्र असलेले सिरप पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ ५ मि.ली. या प्रमाणात दिले होते. कोर्स पूर्ण केला, एकही वेळ चुकली नाही, तरीही दुसऱ्या बाटलीत थोडे औषध उरले आणि ते तेव्हापासून फ्रिजमध्येच आहे.

काल संध्याकाळपासून मुलाला १०१ ताप आहे, घसा दुखतो म्हणून तो जेवायला मागत नाही आणि त्याचे नाकही वाहत आहे. ताप उतरला की तो खेळतो, पाणी आणि दूध पितो. सासूबाईंचे म्हणणे असे की हे अगदी ताईसारखेच दुखणे आहे, मग तेच औषध थोडे कमी करून द्यायला काय हरकत आहे? आज रविवार असल्यामुळे आमच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद आहे. बाटलीवर छापलेली मुदत पुढच्या वर्षीची आहे. मी अजून औषध दिलेले नाही, परंतु ‘देऊ नये’ एवढेच सांगून घरात कोणाचे समाधान होत नाही. न देण्याचे नेमके कारण काय, हे मला समजून घ्यायचे आहे.

धरमपेठकर

ताई, मुदत शिल्लक आहे आणि औषध फ्रिजमध्ये ठेवलेले आहे, त्यामुळे ते खराब झाले असण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरे असे की एका घरात, एका अंथरुणावर झोपणाऱ्या भावंडांना एकाच जंतूचा संसर्ग होणे हे अत्यंत स्वाभाविक आहे. आमच्याकडे दोन्ही मुले नेहमी एकापाठोपाठच आजारी पडत असत. मुलाचे वजन मुलीच्या निम्म्याहून थोडे जास्त आहे, म्हणून निम्मी मात्रा म्हणजे अडीच मि.ली. दिल्यास ती सुरक्षित मर्यादेत राहील असे वाटते. उद्या दवाखाना उघडला की दाखवावे, परंतु तोपर्यंत एक दिवस वाया कशाला घालवायचा?

औषधविक्रेता, नंदनवन

मी गेली बरीच वर्षे औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतो आणि हा प्रश्न काउंटरवर दर पावसाळ्यात येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आजाराचे निदान हा माझा प्रांत नाही. मी फक्त त्या बाटलीबद्दल बोलेन.

धरमपेठकर, बाटलीवर छापलेली मुदत ही आत कोरडी पावडर असते तोपर्यंतची आहे. हे सिरप कंपनीतून पावडरीच्या रूपात येते आणि आपण घरी किंवा दुकानात त्यात पाणी घालून ते तयार करतो. पाणी घातले त्या क्षणापासून ती मुदत संपते आणि दुसरी, फार छोटी मुदत सुरू होते. ताईंनी बाटलीवरचा बारीक मजकूर वाचला तर तेथे असे लिहिलेले आढळेल की तयार केलेले औषध फ्रिजमध्ये, म्हणजे २ ते ८ अंश तापमानात ठेवावे आणि सात दिवसांच्या आत वापरावे. याचे कारण क्लॅव्हुलॅनिक ॲसिड. हा घटक पाण्यात टिकत नाही, तो दिवसागणिक विघटित होत जातो आणि उष्णतेत हा वेग बराच वाढतो. अमॉक्सिसिलिन त्यामानाने अधिक टिकते. म्हणून आठवडा उलटलेल्या बाटलीत अमॉक्सिसिलिन बरेचसे असते, पण त्याचा राखणदार गेलेला असतो. काही जंतू अमॉक्सिसिलिनला मोडून टाकणारे एंझाइम तयार करतात, आणि त्या एंझाइमला अडवणे एवढेच क्लॅव्हुलॅनिक ॲसिडचे काम असते. ते नाहीसे झाले की अशा जंतूंपुढे उरलेले औषध निष्प्रभ ठरते.

आता हे बाहेरून ओळखता येते का? खात्रीने येत नाही. औषध फार बिघडले तर पांढरट रंग जाऊन ते पिवळे किंवा तपकिरी दिसू लागते, आणि तसे दिसले तर ते निश्चितच टाकून द्यावे. परंतु रंग पांढरा आहे म्हणून औषध चांगले आहे, असा उलटा निष्कर्ष काढता येत नाही. चव आणि वास तर जवळजवळ तसेच राहतात, कारण ते साखरेमुळे आणि फळांच्या सुगंधामुळे असतात. शिवाय बहुतेक घरांत ही बाटली फ्रिजच्या दारात ठेवलेली असते. दार दिवसातून कितीतरी वेळा उघडते, वीज जाते, आणि दारातले तापमान आतल्या कप्प्याइतके थंड राहत नाही.

ताईंच्या बाटलीचाच हिशेब करून पाहू. ५ मि.ली. दोन वेळा म्हणजे दिवसाला १० मि.ली. आणि पाच दिवसांचे ५० मि.ली. होतात. बाटली ३० मि.ली.ची असते, म्हणून दोन बाटल्या लागल्या. पहिली तीन दिवसांत संपली, दुसरी चौथ्या दिवशी तयार झाली आणि तिच्यात १० मि.ली. उरले. म्हणजे कोर्स काटेकोरपणे पूर्ण करूनही औषध उरते, यात ताईंची काहीही चूक नाही. पण दुसरी बाटली तयार करून आता सात दिवसांपेक्षा बरेच जास्त दिवस झाले आहेत, म्हणून ती बाटली वापरण्यासारखी नाही. समजा ती कालच तयार केलेली असती, तरी १२ किलोच्या मुलाला मुलीच्याच प्रमाणात द्यायचे झाल्यास एका वेळी ३ मि.ली. लागतील. १० मि.ली.मध्ये तीन मात्रा, म्हणजे दीड दिवसाचे औषध होते. त्यानंतर काय करणार?

धरमपेठकर

कोरड्या पावडरीची मुदत वेगळी असते हे मला खरोखरच माहीत नव्हते, सांगितल्याबद्दल आभार. पण मात्रेबाबत माझा अंदाज फार चुकलेला दिसत नाही. आपण ३ म्हणता, मी अडीच म्हटले होते.

औषधविक्रेता, नंदनवन

या एका बाटलीपुरता अंदाज जवळपास आला, हे खरे आहे. परंतु तो का जवळ आला ते पाहा. मुलीला ५ मि.ली. दोन वेळा दिले होते म्हणजे तिचे सिरप बहुधा ४५७ या ताकदीचे असावे, ज्याच्या ५ मि.ली.मध्ये ४०० मिलिग्रॅम अमॉक्सिसिलिन असते. त्या हिशेबाने तिला दिवसाला ८०० मिलिग्रॅम, म्हणजे किलोमागे ४० मिलिग्रॅम मिळाले. हेच औषध २२८.५ या ताकदीतही येते आणि त्याच्या ५ मि.ली.मध्ये २०० मिलिग्रॅमच असते. दोन्ही बाटल्यांचा आकार, रंग आणि नाव सारखे असते, फक्त नावापुढचा आकडा बदलतो. एका शेजारणीने दुसरीला ‘आमच्याकडे ३ मि.ली. दिले होते’ असे सांगितले आणि दुसरीकडची बाटली कमी ताकदीची निघाली, तर बाळाला अर्धेच औषध मिळते. उलट झाले तर दुप्पट मिळते, आणि मग जुलाब सुरू होतात. काउंटरवर लोक मि.ली. सांगतात, मिलिग्रॅम कोणी सांगत नाही. अडचण तेथेच होते.

आणखी एक गोष्ट जवळून पाहिलेली सांगतो. हे औषध पाण्यात विरघळत नाही, त्याचे कण पाण्यात तरंगत असतात आणि बाटली उभी ठेवली की ते खाली बसतात. पहिल्या मुलाला देताना प्रत्येक वेळी बाटली नीट हलवली नसेल, तर वरचे पातळ औषध आधी वापरले जाते आणि तळाशी दाट थर उरतो. अशा उरलेल्या १० मि.ली.मध्ये नेमके किती औषध आहे, हे मीही सांगू शकणार नाही.

सावनेरचे आजोबा

औषध अर्धवट सोडल्यामुळेच असे प्रश्न उद्भवतात असे माझे स्पष्ट मत आहे. बाटलीत औषध उरले म्हणजे मुलीचा कोर्स अपुरा राहिला. त्या मुलीला आधी ते उरलेले औषध पाजून संपवावे, नाहीतर तिचा आजार उलटेल. आमच्या काळात डॉक्टर बाटलीला कागदाची पट्टी लावून देत असत आणि शेवटची खूण येईपर्यंत औषध घ्यावेच लागे.

मनीषनगरची आई

आजोबा, आपली काळजी मला समजते, पण मुलीचा पाच दिवसांचा कोर्स पूर्ण झाला आहे आणि ती आता बरी असून शाळेत जाते. उरलेले औषध हे बाटलीच्या मापामुळे उरले आहे, वर त्याचा हिशेब दिलेला आहेच. माझा प्रश्न मुलाबद्दल आहे.

औषधविक्रेते दादा, मी बाटली आत्ता हातात घेऊन पाहिली. आकडा ४५७ हाच आहे, आणि ‘तयार केल्यानंतर सात दिवसांत वापरावे’ हे वाक्य खरोखरच आहे, फक्त ते इतक्या बारीक अक्षरांत आहे की भिंगाशिवाय दिसत नाही. सासूबाईंनाही वाचून दाखवले. त्यांचा पुढचा प्रश्न असा आहे की ही बाटली गेली तर जाऊ द्या, पण मग दुकानातून तेच औषध नवे आणून द्यायला काय हरकत आहे? दुखणे तर तेच आहे.

वर्ध्याची मावशी

या प्रश्नाचे उत्तर माझ्या भाच्याच्या आजारपणात आम्हा सर्वांना फार जवळून पाहावे लागले, म्हणून लिहिते. भाचा तेव्हा तीन वर्षांचा होता. ताप होता, घसा थोडा लाल दिसत होता आणि आठवड्यापूर्वी त्याच्या मोठ्या भावाला घशासाठी हेच सिरप दिलेले होते. घरच्यांनी उरलेले औषध त्याला तीन दिवस दिले. ताप कमी झाला, म्हणून सगळ्यांना वाटले की निदान बरोबर होते. औषध संपले आणि दुसऱ्याच दिवशी ताप पुन्हा १०३ पर्यंत चढला, पोट दुखू लागले, उलट्या सुरू झाल्या.

रुग्णालयात नेल्यावर लघवीच्या साध्या तपासणीत पस सेल्स भरपूर निघाल्या. म्हणजे आजार बहुधा घशाचा नव्हताच, लघवीच्या मार्गाचा संसर्ग होता. पण कल्चरचा अहवाल ‘वाढ नाही’ असा आला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा की आधी कोणते अँटिबायोटिक दिले होते का. जंतू कोणता आणि त्याच्यावर कोणते औषध चालते, हे कळण्याचा मार्ग त्या तीन दिवसांच्या औषधाने बंद करून टाकला होता. मग अंदाजाने शिरेतून औषध द्यावे लागले, सोनोग्राफी करावी लागली, आणि आजही तो संसर्ग नक्की होता की नाही हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. मूत्रपिंडाच्या पुढच्या तपासण्या करायच्या की नाहीत, हा निर्णय त्यामुळे अधांतरी राहिला. बहिणीला त्या अनिश्चिततेचा जो त्रास झाला, तो आजाराहून कमी नव्हता.

कल्चर विभाग

मी नागपुरातील एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवशास्त्र विभागात काम करते. मावशींनी सांगितलेला प्रकार आमच्याकडे नेहमीचा आहे, आणि तो का घडतो ते सांगते.

लघवीचा नमुना आला की त्याचा अगदी थोडा अंश आम्ही जंतूंना पोषक अशा थाळीवर पसरवतो आणि ती थाळी साधारण १८ ते २४ तास शरीराच्या तापमानाला ठेवतो. जंतू जिवंत असतील तर दुसऱ्या दिवशी थाळीवर ठिपके उमटलेले दिसतात. त्या ठिपक्यांवरून जंतू ओळखता येतो, आणि मग त्याच्यावर वेगवेगळ्या औषधांचा परिणाम तपासता येतो. अमॉक्सिसिलिन शरीरातून मुख्यतः लघवीवाटेच बाहेर पडते, त्यामुळे रक्तापेक्षा लघवीत त्याचे प्रमाण पुष्कळ जास्त असते. एक-दोन मात्रा पोटात गेल्या असल्या तरी थाळीवर काहीच न उगवण्याची शक्यता असते. पण मूत्रपिंडात किंवा मूत्राशयाच्या भिंतीत संसर्ग शिल्लक असतो, म्हणून पस सेल्स दिसत राहतात आणि औषध थांबले की ताप परततो. टायफॉइडच्या संशयात रक्ताचे कल्चर केले जाते, तेथेही हेच घडते. म्हणून आमच्या अर्जावर ‘यापूर्वी अँटिबायोटिक घेतले आहे का’ असा एक रकाना असतो. पालक तो बहुतेक वेळा रिकामा ठेवतात, कारण घरात उरलेले सिरप दिले तर ते ‘औषध घेतले’ असे त्यांना वाटतच नाही. तो रकाना कृपया खरा भरत जा, निदान आम्हाला ‘वाढ नाही’ याचा अर्थ तरी लावता येतो.

ताईंच्या सासूबाईंना एवढेच सांगावेसे वाटते की ताप आणि घसा ही लक्षणे आहेत, तो आजार नव्हे. अडीच वर्षांच्या मुलाला घसा दुखतो की कान, की लघवी करताना जळजळ होते, हे नीट सांगता येत नाही. तो फक्त जेवत नाही. बाकीचे आपण मोठ्या मुलाच्या आठवणीवरून भरून काढतो.

धरमपेठकर

हे सगळे मान्य आहे. तरीही एक मुद्दा मी सोडू इच्छित नाही. मुलीच्या घशात जिवाणूंचा संसर्ग होता आणि तो सांसर्गिक असतो. मग भावाला तोच झाला असण्याची शक्यता इतर मुलांपेक्षा जास्त नाही का?

कल्चर विभाग

आपला मुद्दा चुकीचा नाही. स्ट्रेप्टोकोकस जातीच्या जिवाणूमुळे होणारा घशाचा संसर्ग घरात पसरतो, आणि घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टर दुसऱ्या मुलाकडे त्या दृष्टीने पाहतातच. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक म्हणजे मुलीच्या घशात तोच जिवाणू होता हे येथे कोणालाच माहीत नाही. घशाचा नमुना घेतल्याचा उल्लेख ताईंनी केलेला नाही, आणि टॉन्सिल सुजण्याची पुष्कळ प्रकरणे विषाणूंमुळे होतात. दुसरी गोष्ट अशी की हा संसर्ग तीन वर्षांखालील मुलांत एकंदरीत कमी आढळतो, आणि नाक वाहणे, खोकला, आवाज बसणे ही लक्षणे असतील तर पारडे विषाणूकडे झुकते. ताईंनी पहिल्याच मजकुरात नाक वाहत असल्याचे लिहिले आहे. आणि समजा तोच जिवाणू निघाला, तर उपचार सहसा पेनिसिलिन किंवा साध्या अमॉक्सिसिलिनने दहा दिवस करतात. संधिवाताच्या तापाने पुढे हृदयाच्या झडपांना इजा होऊ नये, हा त्यामागचा मुख्य हेतू असतो. म्हणजे आपला अंदाज खरा ठरला तरी दीड दिवसाची बाटली त्या कामाची नाही.

मनीषनगरची आई

मुलीची घशाची तपासणी झाली नव्हती, हे खरे आहे. डॉक्टरांनी बॅटरीने पाहिले, मानेच्या गाठी चाचपल्या आणि औषध लिहिले.

काटोलची शेतकरी

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. सप्टेंबर चालू आहे. २०१८ साली याच दिवसांत नागपूर आणि आसपास स्क्रब टायफसची साथ आली होती आणि त्यात मृत्यूही झाले होते. आमच्या भागात तेव्हापासून पावसाळ्यातल्या तापाकडे कोणी हलक्याने पाहत नाही. गवतात, झुडपांत असणारे बारीक किडे चावल्यामुळे तो होतो. त्या वेळी आम्हाला सांगितले होते की घशासाठी दिले जाणारे हे नेहमीचे सिरप त्या आजारावर चालतच नाही, त्याला डॉक्सिसायक्लिन किंवा अझिथ्रोमायसिन लागते. शेजारच्या वाडीतल्या एका मुलाला घरातल्या सिरपवर चार-पाच दिवस ठेवले, आणि काखेत किडा चावल्याचा काळा खपलीसारखा डाग होता तो कपडे काढून कोणी पाहिलाच नाही. ताई, मूल गेल्या दोन-तीन आठवड्यांत शेतात, बागेत किंवा उंच गवतात खेळले असेल, तर उद्या डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

कल्चर विभाग

काटोलच्या ताईंची माहिती बरोबर आहे. फक्त तो काळा डाग प्रत्येक रुग्णात सापडतोच असे नाही, त्यामुळे डाग नाही म्हणून निश्चिंत होऊ नये. डेंग्यूचाही हाच हंगाम आहे आणि त्याच्यावर तर कोणतेच अँटिबायोटिक चालत नाही.

मुलांच्या वॉर्डातली परिचारिका

चर्चा उपयुक्त आहे, पण ताईंना आजची रात्र काढायची आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते. तापासाठी पॅरासिटामॉल द्यायचे असल्यास ते वजनावर ठरते, किलोमागे एका वेळी १५ मिलिग्रॅम, म्हणजे १२ किलोच्या मुलाला १८० मिलिग्रॅम. येथेही बाटलीची ताकद पाहावी लागते. ५ मि.ली.मध्ये २५० मिलिग्रॅम असेल तर साडेतीन मि.ली.च्या जवळपास होते, १२० असेल तर साडेसात मि.ली. होते. दोन मात्रांमध्ये किमान चार ते सहा तासांचे अंतर हवे आणि दिवसात चारपेक्षा जास्त मात्रा नकोत. घरातला चमचा वापरू नका, औषधासोबत मिळणारी सिरिंज किंवा मापाचे झाकण वापरा. तो खात नसेल तर आज आग्रह करू नका. पाणी, दूध, पेज, वरणाचे पाणी जे घेईल ते थोडे थोडे देत राहा.

ताप किती चढला यापेक्षा ताप उतरल्यावर मूल कसे वागते, याकडे आम्ही वॉर्डात जास्त लक्ष देतो. ताप उतरल्यावर आपला मुलगा खेळतो, हे चांगले लक्षण आहे. मात्र तो जागा होईना, काहीच पिईना, सात-आठ तास लघवी झाली नाही, झटका आला, मान कडक झाली, अंगावर दाबल्यावर न जाणारे लाल-जांभळे ठिपके दिसले, किंवा श्वास जोरात चालू लागला, तर सकाळची वाट पाहू नये. शांत झोपलेल्या मुलाच्या पोटाची हालचाल पूर्ण एक मिनिट मोजावी. या वयात मिनिटाला ४० किंवा त्याहून अधिक श्वास होत असतील, तर ते डॉक्टरांनी त्याच दिवशी पाहायला हवे. नागपुरातील मेडिकल आणि मेयो या दोन्ही सरकारी रुग्णालयांत रविवारी रात्रीही आकस्मिक विभाग सुरू असतो.

हुडकेश्वरहून

आमच्या मुलीला विषाणूचा ताप असताना घरचे अमॉक्सिसिलिन दिले गेले आणि तिसऱ्या दिवशी अंगभर लाल पुरळ उठले. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कागदावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले जाते. नंतर एका डॉक्टरांनी सांगितले की काही विषाणूजन्य आजारांत हे औषध दिल्यास असे पुरळ येते आणि ती खरी ॲलर्जी असतेच असे नाही. पण आता ते खोडायचे कसे? दर वेळी दुसरे, जास्त तीव्र आणि महाग औषध लिहून दिले जाते. कोणाला माहिती असल्यास सांगावे.

औषधविक्रेता, नंदनवन

ताई, हे ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडूनच तपासून घ्यावे लागेल. बहुतेक वेळा ते पूर्ण इतिहास विचारतात आणि गरज वाटली तर स्वतःच्या देखरेखीखाली थोड्या मात्रेने चाचणी घेतात. घरी औषध देऊन पाहू नये. पुरळ कोणत्या दिवशी आले, त्याला खाज होती का, चेहरा किंवा ओठ सुजले होते का, श्वासाला त्रास झाला का, हे आठवून लिहून ठेवा. त्यांना त्याचाच उपयोग होतो.

सासूबाईंच्या प्रश्नाचे माझ्या बाजूने उत्तर एवढेच की या बाटलीच्या लेबलवर डाव्या कडेला एक उभी लाल रेघ असते. ती असलेले औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मी देऊ नये, असा नियम आहे. जुनी चिठ्ठी घेऊन लोक येतात, पण त्या चिठ्ठीवर मुलीचे नाव, मुलीचे वय आणि मुलीचे वजन असते.

मनीषनगरची आई

कालची रात्र ठीक गेली. ताप दोनदा चढला आणि पॅरासिटामॉलने उतरला. झोपेत श्वास मोजले, ते तिसाच्या आत होते. आज सकाळी डॉक्टरांना दाखवले. त्यांनी वजन केले तर ते ११.४ किलो भरले, म्हणजे माझा १२ चा आकडाही जुना होता. घसा लाल आहे पण टॉन्सिलवर पू नाही, कान स्वच्छ आहेत, छाती मोकळी आहे आणि नाक वाहत असल्यामुळे विषाणूजन्य सर्दी-ताप असावा असे त्यांचे मत पडले. अँटिबायोटिक दिलेले नाही. परवापर्यंत ताप राहिला तर रक्त आणि लघवी तपासायची आहे. काटोलच्या ताईंनी सांगितले होते म्हणून मी गवताचा विषय काढला, तेव्हा त्यांनी काखा, जांघा आणि कानामागची जागा पाहिली. तसे काही आढळले नाही.

उरलेले सिरप द्यावे का, असे मी त्यांना सरळ विचारले. त्यांनी बाटली पाहण्याआधीच विचारले की ‘दिले तर नाही ना?’ नाही म्हटल्यावर ते म्हणाले की मग उद्या-परवा तपासणी करावी लागली तरी ती विश्वासार्ह राहील. सासूबाई सोबत होत्या आणि हे त्यांनी स्वतः ऐकले, हे बरे झाले.

आता दोन शंका उरल्या आहेत. ही बाटली टाकायची कशी? आणि मुलीच्या वेळी दुकानदाराने तीन बाटल्या दिल्या होत्या, त्यातली तिसरी अजून सीलबंद आहे, तिच्यात पाणी घातलेले नाही. ती ठेवावी का?

औषधविक्रेता, नंदनवन

तयार केलेले औषध बेसिनमध्ये ओतू नका. ते एका पिशवीत वापरलेल्या चहापत्तीत किंवा मातीत मिसळा, पिशवीचे तोंड बांधा आणि कचरागाडीत द्या. बाटलीवरचे लेबल फाडून टाका. सीलबंद बाटली मात्र आधी दुकानात परत घेतात का ते विचारा. बिल असेल तर काही दुकाने घेतात, आमच्याकडे घेतो.

धरमपेठकर

सीलबंद बाटली कोरड्या, थंड जागी असेल तर छापलेल्या मुदतीपर्यंत ती चांगलीच राहणार. मग पुढच्या वेळी डॉक्टरांनी हेच औषध लिहून दिले तर ती वापरता येईल, असे मला वाटते. पैसेही वाचतील.

कल्चर विभाग

डॉक्टरांनी तेच औषध, त्याच ताकदीचे लिहून दिले तर औषध म्हणून त्यात दोष राहणार नाही. परंतु उन्हाळ्यात ४५ अंशांपर्यंत तापलेल्या घरात ती बाटली मधल्या काळात कशी राहील, याची खात्री मला देता येत नाही, आणि रात्री दोन वाजता ताप आल्यावर घरात सीलबंद बाटली असणे हाच एक मोह असतो. मी माझ्या घरी ठेवत नाही.

धरमपेठकर

मोहाचा मुद्दा मान्य आहे, पण औषध फेकून देणे मलाही पटत नाही. बिल असल्यास परत करणे सर्वांत बरे.

मनीषनगरची आई

बिल सापडले आहे. संध्याकाळी विचारून पाहते. दुपारी मुलाचा ताप ९९.८ होता आणि त्याने वरण-भाताचे चार घास खाल्ले. परवा लघवीची तपासणी करावी लागली, तर अर्जावरच्या त्या रकान्यात ‘नाही’ असे लिहीन आणि अहवाल येथे कळवीन.